फोटोवरून देवळाचं शिखर ओळखायचं कसं: शेखरी की भूमिज?

जुन्या देवळांच्या फोटोंना माहिती लावायचं काम मी बरीच वर्षं करतेय. इंडॉलॉजी किंवा मूर्तिशास्त्राचा कोर्स करून नवीन मुलं या कामात येतात तेव्हा त्यांना नागर, द्राविड, वेसर हे देवळांच्या शैलींचे तीन शब्द पाठ असतात, पण समोर फोटो आला की अडतात. कारण आपल्याकडच्या आणि माळव्यातल्या बहुतेक फोटोंमध्ये खरा प्रश्न नागर की द्राविड हा नसतोच, तो पहिल्या नजरेत सुटतो. खरा प्रश्न असतो की हे नागरातलं नेमकं कुठलं शिखर. त्यातही शेखरी आणि भूमिज यांच्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दोन्हीवर छोटी छोटी शिखरं भरलेली दिसतात. म्हणून इथे त्याच जोडीबद्दल नीट लिहितेय.

द्राविड आधी बाजूला काढू. तंजावरचं बृहदीश्वर घ्या, १०१० चं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, एकावर एक मजले रचल्यासारखं चढतं, प्रत्येक मजल्याच्या कडेला छोट्या देवळ्यांची रांग, आणि सगळ्यात वर घुमटासारखा भाग. नजर आडव्या रेघांवर अडत अडत वर जाते. वेरूळचं कैलास पण याच जातीचं, महाराष्ट्रात आहे म्हणून नागर धरायचं नाही. दक्षिणेच्या फोटोत गोपुराला, म्हणजे प्रवेशद्वारावरच्या मनोऱ्याला, शिखर समजायची गल्लत पण नेहमीची, त्याची खूण माथ्यावर असते, गोपुराचा माथा लांबट, पिंप आडवं ठेवल्यासारखा आणि त्यावर कळसांची रांग, तर विमानाच्या माथ्यावर साधारणपणे एकच कळस. द्राविडाचं एवढं पुरे.

आता नागर. इथे शिखराची बाह्यरेषा बघून ठरवायला जाऊ नका, लतिन, शेखरी, भूमिज हे नागरातले तिन्ही प्रकार वर जाताना आत वळतात आणि तिन्हींच्या डोक्यावर आमलक, म्हणजे तो कंगोऱ्यांचा चपटा गोल दगड असतो. लांबून काढलेल्या फोटोत तिघं भाऊ भाऊ वाटतात. त्यापेक्षा स्वतःला दोनच प्रश्न विचारा आणि याच क्रमाने विचारा. पहिला, शिखराच्या प्रत्येक बाजूच्या बरोबर मधून जी उभी कोरीव पट्टी जाते, जिला लता म्हणतात, ती तळापासून आमलकाच्या खालपर्यंत अखंड जाते का? दुसरा, दोन लतांच्या मधल्या कोपऱ्याच्या भागात काय भरलंय?

पहिल्याचं उत्तर नाही असेल, म्हणजे लतेच्या पुढ्यात एक अर्धं शिखर टेकून उभं असेल, त्याच्या पुढ्यात त्याहून लहान आणखी एक, असं असेल तर ते शेखरी. या टेकलेल्या अर्ध्या शिखरांना उरुशृंग म्हणतात. उत्तर हो असेल तर लतिन किंवा भूमिज, आणि मग दुसरा प्रश्न कामाला येतो. कोपरा बऱ्यापैकी सपाट असेल आणि त्याच्यावर ठरावीक अंतराने चपटे छोटे आमलक दिसत असतील तर लतिन. कोपरा बारक्या शिखरांनी भरलेला असेल, प्रत्येक शिखर आपल्या छोट्याशा खांबावर उभं आणि ती उभ्याही ओळीत आणि आडव्याही ओळीत शिस्तीत लावलेली, वर जाताना लहान लहान होत गेलेली, तर भूमिज. मण्यांच्या माळा लतांच्या मध्ये सोडल्यात असं दिसतं. शेखरीतली शिखरं मुख्य अंगातून फुटून बाहेर येतात, भूमिजातली ओळीत ओवलेली असतात, नजर एकदा यावर बसली की मग मोजायची पण फारशी गरज पडत नाही.

तरी मोजाच, कारण माहिती लिहिताना ते लागतं. मध्य प्रदेशातली दोन देवळं शेजारी ठेवून बघू. एक खजुराहोचं कंदारिया महादेव, चंदेलांचं, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, उंची साधारण ३१ मीटर. दुसरं विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरचं उदयेश्वर, परमार उदयादित्याने बांधलेलं, १०८० मध्ये पूर्ण झालेलं. काळ जवळजवळ एकच, दोन्ही शंकराची, दोन्ही नागर.

कंदारियाचा फोटो मागच्या कोपऱ्याकडून घेतलेला निवडा. शिखराच्या बाजूच्या मध्यावर बोट ठेवून खालून वर न्या. बोट एका अर्ध्या शिखराच्या टोकावर संपतं, मग त्याच्या मागून मोठं अर्धं शिखर सुरू होतं, ते संपलं की त्याच्या मागचं अजून मोठं, आणि मुख्य शिखराची पट्टी फक्त सगळ्यात वर मोकळी दिसते. कडेची रेषा पण सरळ उतरत नाही, खांदे आल्यासारखी पायरीपायरीने बाहेर येते. अशी लहानमोठी मिळून ८४ शिखरं मुख्य शिखराला बिलगलेली आहेत असं सांगतात, फोटोत तेवढी दिसणार नाहीत, सगळी मोजायच्या मागे लागू नका.

आता उदयेश्वर. बोट लतेवर ठेवलं की ते कुठेही न अडखळता आमलकापर्यंत जातं. लतेच्या पायथ्याशी गवाक्षाची मोठी कमान दिसते, ती पण भूमिजाची चांगली खूण आहे. मग कोपऱ्यात या. सगळ्यात खालची आडवी ओळ घ्या, एका लतेपासून पुढच्या लतेपर्यंत पाच बारकी शिखरं. मग त्यातली एक उभी ओळ धरून वर मोजत जा, सात थर. या थरांना भूमी म्हणतात, म्हणून हे सप्तभूम. भूमिजात भूमी बहुतेक वेळा पाच, सात किंवा नऊ असतात, तुमचा आकडा सहा किंवा आठ आला तर आधी फोटोवर संशय घ्या, खालचा थर मंडपाच्या छपरामागे लपलेला असतो किंवा वरचा एवढा बारीक होतो की आमलकाच्या सावलीत जातो.

मंडपाकडे दुसरी साक्ष म्हणून बघायचं. कंदारियाच्या बाजूच्या फोटोत छपरं एकामागून एक चढत जातात, पुढे अर्धमंडप, मग मंडप, मग महामंडप आणि शेवटी शिखर. शिवाय गाभाऱ्याच्या बाजूंना आणि मागेसुद्धा बाहेर आलेले सज्जे दिसतात. गाभाऱ्याभोवती सज्जा दिसला की आत प्रदक्षिणेचा बोळ आहे हे फोटोवरूनच कळतं, कारण त्या बोळाला उजेड तिथूनच येतो. उदयेश्वरला एकच मंडप, त्याला तीन बाजूंनी मुखमंडप, वर उतरत्या थरांचं बसकं छप्पर, आणि गाभाऱ्याची भिंत सलग, सज्जा नाही, म्हणजे आत बोळ नाही. भूमिज देवळात ही मांडणी नेहमीची आहे. पण मंडपावरून शिखराची जात ठरवू नका, तसाच मंडप दुसऱ्या शिखरापुढेही असू शकतो.

आपल्याकडे भूमिज ओळखायचा सराव करायचा तर सिन्नरचं गोंदेश्वर. यादवकालीन, पंचायतन, म्हणजे मधे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी, सगळं एका मोठ्या जोत्यावर. मुख्य शिखर आजही उभं आहे, त्यामुळे लता, कोपऱ्यातल्या ओळी, आमलक सगळं एका फोटोत मिळतं. एक गोष्ट मात्र सांभाळा. अगदी समोरून काढलेला फोटो या कामाला निरुपयोगी, त्यात मंडप आणि शिखराच्या पुढचा शुकनासाचा भाग सगळं झाकून टाकतो. जोत्याच्या मागच्या कोपऱ्याकडून, तिरक्या उन्हात काढलेला हवा, सकाळी किंवा संध्याकाळी, म्हणजे प्रत्येक बारक्या शिखराची सावली पडते आणि ओळी सुट्या होतात. भर दुपारी काळा बेसाल्ट नुसता गोळा दिसतो. मोबाईलची वाइड लेन्स लावून जवळून वर बघत काढला तर शिखर मागे झुकतं आणि वरच्या भूमी एकमेकींवर चढतात, त्यापेक्षा लांब जाऊन झूम करा.

शिखरच पडलेलं असेल तर? अंबरनाथचं शिवमंदिर हे याचं ठळक उदाहरण, शिलालेखाप्रमाणे १०६० चं, शिलाहारांचं. शिखराचा वरचा भाग गेलाय. तरी उरलेल्या बुंध्यात लता आणि तिच्या बाजूच्या ओळींची सुरुवात ओळखू येते, आणि भिंत बघितलीत तर ती सरळ चौकोनी नाही, कोनच कोन बाहेर आलेत, तारकाकृती. एवढ्यावर भूमिज म्हणता येतं. अशा फोटोखाली सरसकट हेमाडपंती लिहायची सवय आपल्याकडे फार आहे आणि मला ती मनापासून खटकते, कारण हेमाद्री हा तेराव्या शतकात यादवांच्या दरबारी होता, त्याच्या दोनशे वर्षं आधी उभ्या राहिलेल्या देवळाला त्याचं नाव कसं चालेल? हेमाडपंती म्हटलं की शिखराचा प्रकार कळतच नाही, माहितीच्या रकान्यात तो शब्द टाकून काहीच सांगितलं जात नाही.

बुंधाही नसेल तर मग भिंतीवरचे थर. अंबरनाथच्या पायथ्याशी हत्तींची ओळ, गजथर, आणि त्याच्या वर माणसांची, नरथर. कंदारियाच्या भिंतीवर मोठ्या मूर्तींचे तीन आडवे पट्टे. आणि हळेबीडच्या होयसळेश्वराला तर आज शिखरं नाहीतच, तिथे सगळा भार थरांवर, खालून हत्ती, मग सिंह, मग वेलबुट्टी, मग घोडेस्वार, वर रामायण-महाभारताच्या गोष्टींचा पट्टा, त्याच्याही वर मकर आणि हंस. अशी एकावर एक बारीक थरांची चळत दिसली, दगड मऊ आणि कोरीव काम दागिन्याइतकं खोल असलं, की होयसळ म्हणायला हरकत नाही. पण नुसता एक गजथर दिसला म्हणून घराणं ठरवू नका, हत्तींची ओळ गुजरातपासून कर्नाटकापर्यंत सगळीकडे आहे.

शेवटचं, एका फोटोत दोन काळ असू शकतात. औंढा नागनाथला खाली काळ्या दगडाचं यादवकालीन कोरीव अंग आणि वर नंतरच्या काळात बांधलेलं पांढरं शिखर. त्या शिखरावर भूमिजाच्या ओळी शोधत बसलात तर काहीच जुळणार नाही, आणि शिखरावरून काळ लावलात तर खालची भिंत कित्येक शतकं अलीकडे ओढली जाईल. दगड कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो ती रेघ आधी शोधा, आणि माहिती लिहिताना भिंत आणि शिखर यांच्या नोंदी वेगवेगळ्या करा.