टॅकोमीटर तपासताना या चुका टाळा: स्ट्रोबसमोर खूण थांबली म्हणजे वेग मिळाला असं नाही

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत हातातले टॅको, म्हणजे शाफ्टच्या फिरण्याचा वेग मोजणारी यंत्रं, तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. लोक टॅको घेऊन येतात आणि सांगतात, ‘हा चुकीचा दाखवतोय, कॅलिब्रेट करून द्या.’ तपासल्यावर टॅको बहुतेक वेळा बरोबर निघतो. ज्याच्याशी तो ताडून बघितला तेच चुकलेलं असतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डिजिटल टॅको दोनच कामं करतो. शाफ्टवरच्या परावर्तक टेपवरून परत आलेला उजेड मोजतो, आणि आतल्या क्वार्ट्झच्या घड्याळावर वेळ मोजतो. हे घड्याळ सहसा फसत नाही. चांगल्या टॅकोवर अचूकता ±(०.०५ टक्के + १ अंक) लिहिलेली असते, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांना पावणेदोन फेऱ्यांच्या आसपास. त्यामुळे तुमचा टॅको निम्मं, दुप्पट किंवा पाच टक्के जास्त दाखवत असेल तर घड्याळाला दोष देऊ नका. त्यानं चुकीचं काहीतरी बघितलंय, किंवा तुमचा संदर्भ चुकलाय. तिथं दुरुस्तीचा आकडा लावणं म्हणजे चूक कायमची करून ठेवणं.

पहिल्या थांबलेल्या खुणेवर समाधान मानणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

एका फौंड्रीत फेटलिंगला पट्ट्यावर चालणारा ग्राइंडर होता. ४०० मिलिमीटरचं चाक, त्यावर छापलेली कमाल गती १५८०, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ३३ मीटर. कास्टिंग साफ व्हायला वेळ लागतोय अशी तक्रार आली, म्हणून मेंटेनन्सच्या नव्या मुलानं स्पिंडल मोजला. जुन्या टॅकोवर १३९२ आलं. कारखान्यात नुकताच नवा स्ट्रोब, म्हणजे डायलवर लावलेल्या गतीनं चमकणारा दिवा, आला होता, सर्टिफिकेटसकट. त्याचा डायल ६०० वर ठेवून तो हळूहळू वर आला आणि ६९६ ला खडूची खूण जागच्या जागी थांबली. एकच खूण, एकदम स्पष्ट.

मुलानं निष्कर्ष काढला की टॅको दुप्पट मोजतोय. स्ट्रोब नवा आणि सर्टिफिकेटवाला, टॅको जुना, त्यामुळे कुणीच शंका घेतली नाही. टॅकोच्या पाठीवर पट्टी चिकटवली, ‘वाचन निम्मे करा’. मग स्पिंडल फारच हळू फिरतोय म्हणून वेग दुप्पट करणारी पुली टर्नरकडे करायला टाकली.

मी तिथं दुसऱ्याच टॅकोसाठी गेलो होतो. पट्टी दिसली म्हणून विचारलं.

‘काका, स्ट्रोबवर बघितलंय. खूण एकदम स्थिर होती,’ मुलगा म्हणाला.

‘बाळा, डायल कुठून सुरू केलास?’

‘खालून.’

ती पुली चढली असती तर चाक २७८४ ला फिरलं असतं. कडेचा वेग सेकंदाला ५८ मीटर, ३३ साठी बनवलेल्या चाकाचा. आणि समोर छातीला कास्टिंग लावून माणूस उभा.

आता हे का होतं ते बघा. स्ट्रोब दर चमकेला शाफ्टचं एक चित्र दाखवतो. शाफ्ट दर चमकेला बरोबर एक फेरा करत असेल तर खूण थांबलेली दिसते. पण तो दोन चमकांच्या मध्ये दोन पूर्ण फेरे करत असेल तरी खूण त्याच जागी येते, तीन किंवा चार केले तरी तेच. म्हणून १३९२ ला फिरणारा शाफ्ट ६९६, ४६४ आणि ३४८ लाही एकाच खुणेसकट थांबलेला दिसतो. खालून वर येणाऱ्याला यातला पहिला सापडतो आणि तो तिथंच थांबतो.

माझी सवय उलटी आहे. डायल आधी खऱ्या वेगाच्या बराच वर नेतो आणि मग हळूहळू खाली येतो. वरच्या बाजूला खुणा एकापेक्षा जास्त दिसतात. त्या दिवशी मुलाला शेजारी उभं करून ६००० पासून खाली आलो. ४१७६ ला तीन खुणा, २७८४ ला समोरासमोर दोन, आणि १३९२ ला एक. वरून येताना जिथं पहिल्यांदा एकच खूण थांबते तोच खरा वेग. तरीही मी डायल परत दुप्पट करून बघतो. वरून खाली आला असाल आणि समोरासमोर दोन खुणा दिसल्या तर काम झालं. नुसत्या दुपटीवर मात्र विसंबू नका, कारण ४६४ सारख्या तिसऱ्या हिश्शावरही दुप्पट केल्यावर दोनच खुणा दिसतात. दुप्पट केल्यावरही एकच दिसली तर तुम्ही अजून खालच्याच पायरीवर आहात.

ही परीक्षा खूण एकच असेल तरच चालते. सहा बोल्टचं कपलिंग किंवा चार आऱ्यांची पुली नुसती बघून वेग ठरवू नका. सगळे बोल्ट सारखेच, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा आला तरी चित्र थांबलेलंच दिसतं, आणि असले खोटे थांबे खऱ्या वेगाच्या वरही सापडतात. खडूनं किंवा पांढऱ्या रंगानं एक रेघ मारायला अर्धा मिनिट लागतो. तेवढाही धीर नसणाऱ्यानं स्ट्रोब हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रेघ अर्थात मशीन बंद करून मारायची.

आणि स्ट्रोबच्या उजेडात थांबलेला शाफ्ट फिरत असतो. खूण नीट दिसावी म्हणून हात पुढे करणारी माणसं मी बघितली आहेत. स्ट्रोब चालू असताना मी डावा हात खिशात ठेवतो. फिट येणारं कुणी आसपास असेल तर त्याला आधी बाहेर पाठवा.

स्ट्रोबचा एक उपयोग फार कमी लोक करतात. खूण पूर्ण थांबवण्यासाठी डायलशी झटत बसू नका. डायल १५०० ला पक्का ठेवा आणि खूण एका मिनिटात किती फेरे सरकते ते घड्याळ लावून मोजा. शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेनं सरकत असेल तर तेवढे मिळवा, उलट सरकत असेल तर वजा करा. उलट्या दिशेनं मिनिटात ८ फेरे सरकली तर वेग १४९२. अर्ध्या फेऱ्याचा फरकसुद्धा डोळ्याला दिसतो.

मोटरच्या पाटीला संदर्भ मानणं

पाटीवर १४४० लिहिलंय आणि टॅको १४९४ दाखवतोय, म्हणून टॅको खराब, हे मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. पाटीवरचा आकडा पूर्ण लोडचा असतो. चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला १५०० नं फिरतं आणि रोटर त्याच्या थोडा मागं राहतो. लोड काढला की मागं राहणं कमी होतं आणि वेग १५०० च्या जवळ जातो. म्हणजे इथं टॅको खरं सांगत होता.

‘मग १५०० धरून तपासू’ असंही कुणी म्हणतो. तेही पुरेसं नाही. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. तेवढ्या पट्ट्यातच १५०० चं १४९७ किंवा १५०१.५ होतं. टॅकोची स्वतःची चूक पावणेदोन फेऱ्यांची, आणि त्याला मोजायची पट्टी त्याहून सैल. लाइट गेल्यावर जनरेटरवर तपासलं तर विचारूच नका. कमी लोडवर डिझेल सेट ५१ हर्ट्झच्या वर सहज जातो, आणि तिथं १५०० चं १५३० होतं.

मी काय करतो ते सांगतो. फंक्शन जनरेटरला रेझिस्टर लावून एक एलईडी जोडायचा आणि टॅको त्याच्यासमोर धरायचा. २५ हर्ट्झ गुणिले ६० म्हणजे १५००. ५० हर्ट्झ म्हणजे ३०००. ना शाफ्ट, ना टेप, ना पट्ट्याची घसरण. जनरेटर क्रिस्टलवर चालणारा हवा, आणि त्याची चूक टॅकोच्या चुकीच्या चौथ्या हिश्शाहून मोठी नको. फौंड्रीतल्या त्या टॅकोसमोर मी २३.२ हर्ट्झ लावले, त्यानं १३९२ दाखवलं. पाठीवरची पट्टी मुलानं स्वतः काढली.

एवढं मात्र लक्षात ठेवा की एलईडीवर फक्त टॅकोची मोजणी तपासली जाते. टेप, अंतर आणि कोन यांतल्या चुका तिथं दिसत नाहीत. म्हणून मी एलईडीवर तीन-चार वेग घेतो आणि नंतर एकदा खऱ्या शाफ्टवर स्ट्रोबशी जुळवतो. वेग तुमच्या मशीनचे घ्या. साखर कारखान्याच्या मिलचा संथ रोलर मोजणाऱ्यानं फक्त ३००० ला टॅको पास करून काही उपयोग नाही.

जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटकडे टॅको धरला तर ६००० च्या आसपास दाखवतो, कारण ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते. टॅको जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं. पण याच कारणानं शाफ्ट मोजताना वाचन ६००० वर अडकलं तर आधी वरचा दिवा बंद करून बघा.

बाकीच्या, थोडक्यात

चकचकीत शाफ्टवर नुसती टेप लावू नका. चावीची खाच किंवा घासलेला भागही चमकतो आणि एका फेऱ्याला दोनदा मोजणी होते. मी आधी पूर्ण फेरा काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतो आणि तिच्यावर परावर्तक टेपचा एकच तुकडा लावतो. जुना तुकडा ग्रीसखाली राहिलाय का तेही बघा.

टॅको शाफ्टला अगदी काटकोनात धरला तर खुद्द धातूचीच चमक परत येते. थोडा तिरपा धरा.

टेकवून मोजायच्या टॅकोचा रबरी कोन गुळगुळीत झाला असेल तर तो घसरतो आणि वाचन नेहमी कमीच येतं. दाब थोडा वाढवल्यावर आकडा वर गेला तर रबरी कोन बदला. दाबून धरून आकडा जुळवणं हा इलाज नव्हे.

बटण दाबल्या दाबल्या दिसणारा आकडा लिहू नका. चार-पाच सेकंद थांबा, मग दहा वाचनं घ्या आणि सगळी लिहा, सरासरी नंतर काढा. दहांतलं एखादंच वाचन दुप्पट आलं असेल तर ते खोडू नका, टेप बघा.