फॅक्टरी शेडचा एक्स्टिरियर रेंडर करताना या चुका टाळा: पत्रा, गंज आणि लोडिंग बे

परवा परत एकाने शेडचा रेंडर बघायला पाठवला आणि परत तेच सगळं. निळा पत्रा, त्यावर सगळीकडे सारखा फासलेला गंज, डॉकची उंची कुठलीतरी, आणि ट्रक भिंतीपासून लांब अधांतरी उभा. गेली बरीच वर्षं मी चाकण, रांजणगाव, भिवंडी या पट्ट्यातल्या शेडचे व्ह्यू करतोय आणि दर महिन्याला याच चुका बघतो, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. मी ब्लेंडरमध्ये सायकल्सवर काम करतो त्यामुळे बटणांची नावं तिथली येतील, पण चुका कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये याच होतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच शेड धरू. ४० मीटर लांब, छताच्या कडेपर्यंत ८ मीटर उंच. खाली ३ मीटर ब्लॉकची प्लास्टर केलेली भिंत आणि वर ५ मीटर कलर कोटेड पत्रा. आपल्याकडच्या एमआयडीसीत असे शेड भरपूर दिसतील.

चूक पहिली: अख्ख्या भिंतीला एकच पत्रा लावणं

एक मोठा प्लेन घ्यायचा, त्यावर नेटवरून उतरवलेलं पत्र्याचं टेक्स्चर आणि नॉर्मल मॅप टाकायचा आणि झाली भिंत. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. पहिलं म्हणजे स्केल चुकतं. हल्ली शेडला जो पत्रा लागतो तो जुन्या घरांवरच्या पन्हळी पत्र्यासारखा गोल लाटांचा नसतो, त्याला टोकदार कडांच्या रिब असतात, साधारण ३० मिलीमीटर उंच, आणि दोन रिबमधलं अंतर २०० ते २५० मिलीमीटर. २५० धरलं तर मीटरला चार, म्हणजे आपल्या ४० मीटरच्या भिंतीवर १६० रिब दिसायला हव्यात. परवाच्या रेंडरमध्ये मी मोजल्या, पन्नासच्या आसपास भरल्या, म्हणजे पाऊण-पाऊण मीटरवर एक रिब. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण शेड त्याला गॅरेजएवढा छोटा वाटतो, कारण डोळा रिबवरूनच माप घेतो. रेंडर कुणाला पाठवायच्या आधी रिब मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे नॉर्मल मॅपने कड बदलत नाही. भिंतीचा कोपरा, पत्र्याची खालची धार, दरवाजाच्या वरची धार, जिथे रिबचा नागमोडी कट दिसायला पाहिजे तिथे सरळ रेघ येते आणि सगळं कागदी दिसतं. म्हणून मी एका पत्र्याचं प्रोफाइल काढतो, रुंदी १ मीटर, ते ५ मीटर वर खेचतो आणि Array मॉडिफायरने ४० वेळा लावतो. Merge बंद ठेवा. ते बंद असलं की प्रत्येक पत्रा वेगळा तुकडा राहतो, मग मटेरियलमध्ये Geometry नोडच्या Random Per Island मधून प्रत्येक पत्र्याचा रंग किंचित, अगदी किंचित, वरखाली करता येतो. प्रत्यक्षातही पत्रे एकेक लावलेले असतात, शेवटची रिब पुढच्या पत्र्याच्या रिबवर चढते आणि दर मीटरला एक बारीक उभी सावलीची रेघ दिसते. ती रेघ आली की भिंत उभी केल्यासारखी वाटायला लागते.

आणि एक, सगळ्याला सरसकट Shade Smooth मारू नका, रिब उशीसारख्या फुगलेल्या दिसतात.

आता स्क्रू. पत्रा आतल्या आडव्या रनरला स्क्रूने मारलेला असतो आणि हे रनर साधारण दीड-दीड मीटरवर असतात. म्हणजे स्क्रू सरळ आडव्या ओळीत येतात, आपल्या भिंतीवर ३ मीटरच्या जरा वर, मग साडेचारला, सहाला, साडेसातला. काही जण स्क्रू कुठेही टाकतात, काही टाकतच नाहीत. या ओळी आत्ताच पक्क्या करा, कारण गंज इथूनच येणार आहे.

रंगवलेल्या पत्र्याला Metallic 1

हे एका ओळीत: रंग लावला की वरचा थर रंगाचा, धातूचा नाही, म्हणून Metallic 0 ठेवा आणि Roughness 0.4 च्या आसपास. 1 फक्त न रंगवलेल्या चकचकीत पत्र्याला.

चूक जी मी स्वतः केली: सगळीकडे गंज

सुरुवातीच्या काळात चाकणजवळच्या एका छोट्या फॅक्टरीचं काम आलं होतं. मालकाला जुना शेड वाढवायचा होता आणि जुना-नवा शेजारी शेजारी कसा दिसेल ते बघायचं होतं. जुना भाग ‘जुना’ दिसावा म्हणून मी एक ग्रंज मॅप घेतला, त्यावरून रंग आणि गंज मिसळला, सगळ्या कडांना Pointiness वरून रंग उडवला, रात्रभर रेंडर लावला आणि सकाळी मोठ्या अभिमानाने घेऊन गेलो. मालकांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं. मग भिंतीच्या मधोमध असलेल्या एका तपकिरी डागावर बोट ठेवून म्हणाले, “हा गंज आला कुठून ते मला सांगा.” मला सांगता येईना. त्यांच्या शेजारी त्यांचा फॅब्रिकेटर उभा होता, तो म्हणाला, “साहेब, पत्रा मधेच गंजत नाही. चला, दाखवतो.” आणि त्याने मला त्याच जुन्या शेडभोवती फिरवलं, तासभर. त्या तासात जे शिकलो त्यावरच आजपर्यंत काम चाललंय.

त्याने पहिल्यांदा स्क्रू दाखवले. पत्र्याच्या रंगाखाली जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, त्यामुळे सपाट भाग बरीच वर्षं टिकतो. पण हलका स्क्रू लवकर गंजतो, आणि स्क्रूच्या डोक्याखालून बोटभर रुंदीचा तपकिरी ओघळ सरळ खाली येतो, वर गडद आणि खाली विरत जाणारा. सगळ्या स्क्रूंना नाही, दहातल्या दोन-तीनला. मग त्याने शटरच्या चौकटीभोवतीचा भाग दाखवला. तिथे पत्रा साइटवर ग्राइंडरने कापलेला होता. कापलेली धार उघडी पडते आणि ती गंजते, आणि कापताना उडालेल्या लोखंडाच्या गरम ठिणग्या आजूबाजूच्या रंगात रुतून बसतात, पावसात त्यांचे मोहरीएवढे तपकिरी ठिपके होतात. असे ठिपके फक्त कापलेल्या जागेच्या फूट-दीड फुटात होते, बाकी भिंत साफ. शेवटी छताच्या कडेचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीचा जोड. जिथे तो गळत होता तिथून काळपट पट्टा खालपर्यंत आलेला, आणि खाली प्लास्टरवर शेवाळ.

प्लास्टरवर आणखी एक गोष्ट होती जी मी कुठल्याच रेंडरमध्ये पाहिली नव्हती. पत्र्यावरचं पाणी रिबवरून नाही, दोन रिबमधल्या सपाट भागातून वाहतं आणि खालच्या धारेवरून ठिबकतं. म्हणून खालच्या भिंतीवर काळे ओघळ रिबच्याच अंतराने आले होते, २५०-२५० मिलीमीटरवर, काही ठळक काही पुसट. हे एवढं केलं तरी बघणाऱ्याला पाऊस पडून गेल्याचं कळतं.

घरी येऊन मी ग्रंज मॅप काढून टाकला. आता प्रत्येक डागासाठी वेगळा मास्क करतो. स्क्रूच्या ओघळांसाठी उभे बारीक प्लेन, ट्रान्सपरंट टेक्स्चर लावून, निवडक स्क्रूंखाली हाताने ठेवतो. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं, एका नोडमध्ये सगळं पाहिजे असतं, पण चाळीसेक ओघळ ठेवायला तास लागतो आणि तो तास दिसतो. चिखलाच्या शिंतोड्यांना मात्र नोड पुरतो, कारण ते जमिनीपासून उंचीवर अवलंबून असतात:

```
Geometry (Position) > Separate XYZ (Z) > Map Range
From Min 0    From Max 0.45    To Min 1    To Max 0
```

याला नॉइजने गुणा, नाहीतर पट्टीने आखल्यासारखी कड येते. जमीन Z 0 वर असायला हवी. जिथे समोर काँक्रीट आहे तिथे शिंतोडे कमी, जिथे माती आहे तिथे जास्त आणि लालसर.

शेड नवा असेल तर गंज नकोच. सहा महिन्यांच्या शेडवर धूळ असते, शिंतोडे असतात, बस.

लोडिंग बे

इथली मुख्य चूक उंचीची. डॉक म्हणजे ट्रकच्या पाट्याच्या लेव्हलला आलेलं गोडाऊनचं फ्लोअर, ट्रक उभा राहतो त्या जमिनीपासून साधारण १.२ मीटर वर. म्हणजे एकतर फ्लोअर उचललेलं असतं नाहीतर ट्रकची जागा खाली उतरवलेली असते. लोक शटर थेट जमिनीवर ठेवतात आणि पुढे ट्रक मागे करून लावतात, मग माल चढणार कसा? छोट्या फॅक्टरीत डॉक नसतो हेही खरं आहे, तिथे ट्रक आत जातो किंवा फोर्कलिफ्ट बाहेर येतं, मग तिथे रॅम्प दाखवा आणि ट्रक शटरला पाठ चिकटवून उभा करू नका. आधी क्लायंटला विचारा माल कसा भरता, मग मॉडेल करा.

डॉक असेल तर काळे रबरी बंपर हवेत, ट्रक त्यांना टेकलेला हवा. शटरच्या बाजूच्या पिवळ्या खांबांचा रंग वरपासून खालपर्यंत सारखा उडवू नका, तो गाडी घासते तिथेच उडतो, आणि तेही ज्या बाजूने गाडी येते त्या बाजूला. शटरचे पोचे खालच्या एक मीटरमध्ये.

वर कॅनोपी असेल तर तिच्याखालच्या भिंतीवर ओघळ येत नाहीत, पाऊसच लागत नाही. तिथे कोरडी धूळ बसते आणि ती धुतली जात नाही, त्यामुळे तो भाग फिकट, मातकट दिसतो. भिंतीवर ओघळ टाकून वर कॅनोपी ठेवणारे मी दर आठवड्याला बघतो.

ऑइलचे डाग डॉकच्या पायथ्याशी टाकतात, तेही चूक. ट्रक पाठ करून लागतो, इंजिन पुढच्या टोकाला. वीस फुटी कंटेनर असेल तर कंटेनरच सहा मीटर, म्हणजे ऑइल गळणार डॉकपासून सात-आठ मीटरवर, प्रत्येक बेसमोर एका रांगेत. टायरचे काळे वळणदार पट्टे त्याच्याही बाहेर, जिथे गाडी वळवून मागे घेतात तिथे.

प्रकाश आणि लांबचा व्ह्यू

सूर्य भिंतीच्या बरोबर समोर ठेवला तर एवढ्या कष्टाने केलेल्या रिब गायब होतात. तो भिंतीच्या बाजूला न्या, समोरच्या दिशेपासून साठ-पासष्ट अंशांवर, म्हणजे प्रत्येक रिबची पाच-सहा सेंटिमीटरची सावली पडते. सूर्य फिरवताना उत्तर दिशा खरी ठेवा, शेडचा मालक सकाळ-संध्याकाळ ती भिंत बघतो, त्याला चुकलेलं लगेच कळतं.

वरून घेतलेल्या व्ह्यूत मात्र उलटं करावं लागतं. ४० मीटरची भिंत १६०० पिक्सेलमध्ये आली तर एका रिबला दहा पिक्सेल मिळतात, छान दिसतं. पण अख्खा प्लॉट दाखवताना तीच भिंत ४०० पिक्सेलची झाली तर रिबला अडीच पिक्सेल उरतात आणि भिंतीवर लाटा खेळायला लागतात, विशेषतः व्हिडिओत. सॅम्पल वाढवून थोडा फरक पडतो. मी तिथे रिब काढून सपाट भिंत ठेवतो, पत्र्यांच्या रंगातला किंचित फरक आणि पन्हळीखालचे मोठे पट्टे तेवढे राहू देतो.