झावळीत नंबर कुठे लिहायचा?
नंबर पाहून रंग भरायचं चित्र बनवण्यासाठी मंगेशीच्या दीपस्तंभाचा फोटो मी किंचित ब्लर करून 16 रंगांवर आणला. स्तंभ छान सुटला, पण मागच्या माडांच्या झावळ्यांचे नुसते ठिपके झाले. 1000 पिक्सेल रुंद चित्र ए-फोरवर 200 मिलिमीटर रुंद छापलं, तर 1 मिलिमीटरला 5 पिक्सेल येतात. म्हणजे 4 मिलिमीटरच्या चौकोनात 400 पिक्सेल. त्याहून लहान तुकडा रंगाने सर्वांत जवळच्या शेजाऱ्यात मिसळायचा. तरी झावळीची लांब, बारीक पट्टी यातून निसटतेच, कारण तिचं क्षेत्रफळ भरतं. म्हणून प्रत्येक आकारात मावणारं सर्वांत मोठं वर्तुळ काढा. त्याचा व्यास 3 मिलिमीटरहून कमी असेल तर ती पट्टीही मिसळून टाका. नाहीतर वर्तुळाच्या केंद्रावरच नंबर छापा.