लांब उतारा मोडताना या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षणावरचं प्रबंधाचं प्रकरण तपासायला आलं की त्यात महात्मा फुल्यांचं हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन असतंच. १९ ऑक्टोबर १८८२ चं हे निवेदन मुळात इंग्रजीत आहे. प्रकरणात त्याचा मराठी अनुवाद दोन्ही बाजूंनी आत सरकवून पान-पानभर उतरवलेला असतो आणि खाली एक ओळ असते: ‘यावरून फुल्यांची शैक्षणिक दृष्टी दिसून येते.’ मार्गदर्शक समासात लिहितात, ‘उतारे कमी करा, स्वतःच्या शब्दांत लिहा.’ मग विद्यार्थी एका रात्रीत अवतरणचिन्हं काढतो, आत सरकवलेला मजकूर समासाला आणतो, चार शब्द बदलतो आणि काम झालं म्हणतो. खरा घोळ इथून सुरू होतो. जसाच्या तसा दिलेला उतारा कंटाळवाणा असेल, पण तो खोटा नसतो. घाईत केलेला सारांश मात्र खोटा होऊ शकतो.

बोलणारा गाळू नका

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते आणि तीच सगळ्यांत जास्त नुकसान करते. निवेदनात प्राथमिक शिक्षणाची आबाळ मांडताना फुले सांगतात, की मुंबई इलाख्यातल्या जवळपास नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाही. पण या वाक्याच्या मध्येच ‘असं सांगितलं जातं’ अशा अर्थाचे शब्द आहेत. हा आकडा आपण मोजलेला नाही, तो ऐकीव आहे, हे फुल्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. आयोगापुढे बोलणारा माणूस किती जबाबदारीनं बोलत होता, ते या तीन शब्दांत दिसतं.

एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात हा पूर्ण उतारा होता. तो मोडून तिनं वाक्य केलं: ‘१८८२ साली मुंबई इलाख्यातील ९० टक्के खेड्यांत शाळा नव्हती व १० लाख मुले शिक्षणापासून वंचित होती.’ वाचायला वाक्य स्वच्छ आहे. पण यात फुले नाहीत, ‘जवळपास’ नाही, ‘असं सांगितलं जातं’ तर नाहीच. शिवाय ‘नऊ-दशांश’चे ‘९० टक्के’ झाल्यामुळे ही कुठल्यातरी सरकारी तक्त्यातली आकडेवारी वाटू लागली. पुढच्या प्रकरणात तिनं तोच आकडा घेऊन त्यावर सरकारी खर्चाचं गणित मांडलं. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, ‘ही मोजणी कोणी केली?’ तिनं तळटीप दाखवली. तळटिपेत फुल्यांचं निवेदन होतं. परीक्षकांनी निवेदन उघडून ते वाक्य मोठ्यानं वाचलं. त्यानंतरची बरीचशी चर्चा प्रबंधाच्या मुख्य मुद्द्यावर न होता तिच्या इतर आकड्यांवरच झाली, आणि दुरुस्त्यांच्या यादीत ते गणित अख्खं काढून टाकावं लागलं. तिचं वाचन दांडगं होतं, मेहनतही खरी होती. चुकलं ते एवढंच, की उतारा मोडताना वाक्याचा मालक हरवला.

यावर माझी सवय साधी आहे. सारांशाच्या वाक्याची सुरुवातच बोलणाऱ्याच्या नावानं करायची. ‘फुल्यांच्या म्हणण्यानुसार’, ‘फुले नोंदवतात’ असं आधी लिहायचं, मग पुढचं. त्यानंतर मूळ मजकूर समोर ठेवून पेन्सिलीनं फक्त चार गोष्टींखाली रेघा मारायच्या: आकडे, नावं, नकार, आणि खात्री कमी-जास्त करणारे शब्द. जवळपास, बहुधा, निदान, क्वचित, असं म्हणतात, माझ्या मते. रेघ मारलेली प्रत्येक गोष्ट सारांशात सापडली पाहिजे. फुले प्राथमिक शिक्षण ‘निदान’ १२ वर्षं वयापर्यंत सक्तीचं करा म्हणतात. तो ‘निदान’ गळाला की किमान मर्यादा ही कमाल मर्यादा होते आणि मागणीच बदलते.

त्याच निवेदनात फुले सांगतात, की आपण १८५४ च्या सुमारास मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या मुलींच्या पहिल्या शाळेचं साल १८४८ मानलं जातं, भिडेवाड्याची शाळा. उतारा जसाच्या तसा असतो तेव्हा हा फरक वाचकाला निदान दिसतो. बोलणारा गाळून ‘फुल्यांनी १८५४ मध्ये शाळा काढली’ असं लिहिलं, की ती तुमची स्वतःची चूक होते. ‘निवेदनात फुले हे साल १८५४ च्या सुमाराचं देतात’ असं लिहा आणि १८४८ साठी वेगळ्या साधनाची वेगळी तळटीप द्या. दोन सालं एकाच तळटिपेत कोंबू नका.

मूळात नसलेलं भरू नका

निवेदनाच्या सुरुवातीला एक जागा आहे, तिथं जवळजवळ प्रत्येक जण घसरतो. आपण नऊ-दहा वर्षं शाळांचं काम केलं आणि मग त्यातून बाजूला झालो, असं फुले सांगतात. का बाजूला झालो, ते सांगत नाहीत. ती परिस्थिती तपशिलात सांगण्याची गरज नाही, एवढंच लिहितात. सारांशात मात्र हमखास येतं: ‘सहकाऱ्यांशी झालेल्या मतभेदांमुळे फुले बाजूला झाले.’ मतभेद असतील, त्याची साधनंही दुसरीकडे असतील. पण या तळटिपेखाली ते वाक्य बसत नाही, कारण इथं फुल्यांनी मुद्दाम तोंड मिटलं आहे. इथं शब्दशः अवतरणच हवं. मौनाचा सारांश करता येत नाही.

असंच पत्नीच्या उल्लेखाचं. शाळेत आपण आणि आपली पत्नी मिळून बरीच वर्षं काम केलं, असं ते म्हणतात, नाव घेत नाहीत. ‘फुले सावित्रीबाईंच्या कार्याचा उल्लेख करतात’ हे चालेल. ‘फुले आयोगापुढे सावित्रीबाईंचं नाव घेतात’ हे चालणार नाही. फरक बारीक वाटतो, पण स्त्रीशिक्षणावरच्या प्रबंधात नेमका तोच मुद्दा असू शकतो.

निवेदनाचा तो पहिला परिच्छेद मी असा आटोपशीर करेन:

*निवेदनाच्या आरंभी फुले आपला अनुभव मुख्यतः पुणे व आसपासच्या खेड्यांपुरता असल्याचे स्पष्ट करतात. १८५४ च्या सुमारास आपण मुलींची शाळा काढली, तेथे पत्नीसह बरीच वर्षे काम केले आणि पुढे ती सुशिक्षित एतद्देशीयांच्या समितीकडे सोपवली, असे ते सांगतात. नऊ-दहा वर्षांनी आपण या कामातून बाजूला झालो, मात्र त्यामागची परिस्थिती ‘तपशिलात सांगण्याची गरज नाही’ (अनुवाद माझा), एवढ्यावर ते थांबतात.*

यात महार-मांग मुलांची शाळा आली नाही, शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी मुलींच्या शाळांना दिलेली भेट आणि फुल्यांना मिळालेली शालजोडी आली नाही. या प्रकरणाचा विषय मुलींच्या शाळांची व्यवस्था हा आहे, म्हणून ते गाळलं. विषय जातिनिहाय शिक्षणाचा असता तर महार-मांग मुलांची शाळा राहिली असती आणि समितीचं वाक्य गेलं असतं. काय ठेवायचं हे प्रकरणाच्या प्रश्नावर ठरतं, उताऱ्यावर नाही. अवतरणात फक्त चार शब्द राहिले, कारण त्याच चार शब्दांवर मला पुढच्या वाक्यात काहीतरी म्हणायचं आहे. ज्या शब्दांबद्दल पुढे काहीच बोलायचं नाही, ते अवतरणात ठेवू नयेत.

समानार्थी शब्दांची अदलाबदल म्हणजे सारांश नव्हे

‘शिक्षक’च्या जागी ‘अध्यापक’, ‘वेतन’च्या जागी ‘पगार’, वाक्याचा सांगाडा तोच. अवतरणचिन्हं गेली आणि वाक्य मात्र दुसऱ्याचंच राहिलं, म्हणजे आधीपेक्षा वाईट. हे बहुतेक जण प्लेजरिझम रिपोर्टच्या भीतीनं करतात. ती भीती अनाठायी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं साम्य मोजताना वगळायची आहेत. सॉफ्टवेअरला चुकवण्यासाठी शब्द फिरवत बसणाऱ्याला मी थेट सांगतो, उतारा परत जसाच्या तसा टाक, ते जास्त प्रामाणिक आहे.

माझी पद्धत अशी: उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, चहा घेऊन यायचं आणि मग न बघता लिहायचं. जे आठवतं त्याचा क्रम आपला असतो. शिक्षकांबद्दलचा परिच्छेद असा लिहिला, तर बहुतेकांना आधी फुल्यांची मागणी आठवते, की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. मग तक्रार आठवते: शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण, बहुतेक अप्रशिक्षित, पगार क्वचितच १० रुपयांवर. मूळात क्रम उलटा आहे. तुमच्या युक्तिवादाला मागणी आधी हवी असेल तर खुशाल आधी ठेवा. फक्त नंतर पुस्तक उघडून ‘जवळजवळ’, ‘शक्यतो’ आणि ‘क्वचितच’ जागेवर आहेत ना, ते बघा.

बाकीचं थोडक्यात

परिच्छेदाच्या शेवटी एकच तळटीप देऊन मधली सात वाक्यं मोकळी सोडू नका. फुले कुठं संपतात आणि तुम्ही कुठं सुरू होता, ते वाचकाला कळलं पाहिजे. तुमचं भाष्य ‘यावरून मला असे वाटते’ अशा उघड वळणानं सुरू होऊ द्या.

प्रत्येक वाक्याला ‘म्हणतात’ लावू नका. मागणी असेल तिथं ‘मागणी करतात’, तक्रार असेल तिथं ‘तक्रार करतात’. ‘सिद्ध करतात’ हे क्रियापद तर निवेदनाला लावूच नका.

तीन टिंबांनी नको असलेली अट गाळू नका.

अवतरण अनुवादित असेल तर अनुवाद कोणाचा ते लिहा. दुसऱ्याचा मराठी अनुवाद वापरून तळटिपेत मूळ इंग्रजी निवेदनाचा पृष्ठक्रमांक टाकणं ही सर्रास दिसणारी लबाडी आहे.

आणि आवृत्ती लिहा. फुल्यांचं समग्र वाङ्मय १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनात आलं, य. दि. फडक्यांनी सुधारलेली आवृत्ती १९९१ ची. एका आवृत्तीचं पान दुसरीत त्याच जागी सापडेलच असं नाही. निवेदन तुम्ही कुणाच्या तरी लेखात उद्धृत झालेलं वाचलं असेल, तर तळटिपेत त्या लेखाचं नाव द्या आणि पुढे ‘मध्ये उद्धृत’ असं लिहा.