कॅमेऱ्यांसाठी दुसरा राऊटर लावताय? या चुका टाळा

फायबरवाल्याने बसवलेला डबा घरात असतोच, कपाटात एखादा जादा राऊटरही असतो. एवढ्यावर कॅमेरे आणि स्मार्ट प्लग घरच्या नेटवर्कपासून वेगळे करता येतात आणि मोबाइलवरून चालवताही येतात. पण ही जोडणी अनेकदा नेमकी उलटी होते.

सांगलीत विश्रामबागेतला एखादा बंगला घ्या. चार कॅमेरे, त्यांचं चित्रीकरण साठवणारा एक एनव्हीआर, अंगणातल्या दिव्याचा स्मार्ट प्लग, एक प्रिंटर, लॅपटॉप आणि घरच्यांचे मोबाइल. फायबरच्या डब्याचा पत्ता 192.168.1.1. कॅमेरेवाला म्हणतो, “साहेब, दुसरा राऊटर कॅमेऱ्यांना देऊन टाकू, म्हणजे वेगळे झाले.” तसं केलं की ॲपमध्ये कॅमेरे ऑफलाइन दिसतात, आणि कॅमेऱ्यांना मात्र घरातला लॅपटॉप, प्रिंटर सगळं खुलं राहतं.

कारण साधं आहे. राऊटर आतून बाहेर जाणारी विनंती जाऊ देतो, ती लक्षात ठेवतो आणि तिचं उत्तर आत घेतो. बाहेरून आपणहून आलेली विनंती तो अडवतो. दुसऱ्या राऊटरच्या आत कॅमेरे ठेवले, तर संरक्षण कॅमेऱ्यांना मिळतं. आपल्याला ते मोबाइल-लॅपटॉपला हवं आहे.

म्हणून बाजू बदला. कॅमेरे, एनव्हीआर आणि प्लग फायबरच्या डब्यावर. मोबाइल, लॅपटॉप, प्रिंटर दुसऱ्या राऊटरच्या वायफायवर. मग मोबाइल कॅमेऱ्यापर्यंत पोचतो, कॅमेरा मोबाइलपर्यंत नाही. यात एक फायदाही आहे: कॅमेऱ्याला मोबाइलची विनंती दुसऱ्या राऊटरच्या पत्त्यावरून, म्हणजे स्वतःच्याच नेटवर्कमधून आल्यासारखी दिसते. त्यामुळे परक्या नेटवर्कला दाद न देणारी उपकरणंही चालतात.

हा राऊटर आता घराची भिंत आहे. त्याला फर्मवेअरचे अपडेट येणं बंद झालं असेल, तर नवाच घ्या. इथे काटकसर नको.

केबल चुकीच्या भोकात

डब्याच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल दुसऱ्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्येच, म्हणजे इंटरनेट आत येण्याच्या भोकातच गेली पाहिजे. ती लॅन पोर्टमध्ये गेली, किंवा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर राहिला, तर इंटरनेट छान चालतं, पण दोन्हीकडे एकच नेटवर्क असतं. ओळखायचं असं: नव्या वायफायवर मोबाइलचा पत्ता 192.168.1 ने सुरू होत असेल, तर वेगळं काहीच झालेलं नाही. दोन्ही राऊटरचा मूळ पत्ता सारखा असण्याचीही शक्यता असते, म्हणून आतल्या, म्हणजे दुसऱ्या राऊटरचा आधीच बदलून घ्या:

```
फायबरचा डबा     192.168.1.1
आतला राऊटर वॅन   192.168.1.2
आतला राऊटर लॅन   192.168.50.1
एनव्हीआर         192.168.1.50
कॅमेरे           192.168.1.51 ते 54
डब्याचा डीएचसीपी   192.168.1.100 ते 200
```

“ॲपला कॅमेरा सापडत नाही”

ॲपमधलं ‘शोधा’ बटण त्याच नेटवर्कमध्ये हाक मारतं (ऑनव्हिफ या कॅमेऱ्यांच्या सामाईक मानकाची हाक 239.255.255.250 या पत्त्यावर, यूडीपी पोर्ट 3702 वर जाते). ती हाक राऊटर सहसा पलीकडे नेत नाही. त्यामुळे शोध रिकामा आला तरी जोडणी बिघडलीय असं समजू नका. ॲपमध्ये ‘आयपी पत्त्याने जोडा’ निवडून 192.168.1.50 टाका. पत्ते वरच्याप्रमाणे कायमचे ठरवून द्या, नाहीतर लाईट गेली-आली की पत्ते बदलतात आणि ॲप पुन्हा मोकळं.

स्मार्ट प्लग पहिल्यांदा जोडताना मोबाइल तेवढ्यापुरता डब्याच्या वायफायवर घ्या. नंतर आतल्या वायफायवर या. प्लग क्लाउडमार्फत चालणारा असेल तर पुढे अडचण येत नाही. फक्त स्थानिक शोधावर चालणारा प्लग मात्र या मांडणीत रडवतो. टीव्हीवर मोबाइलमधून व्हिडिओ टाकत असाल तर टीव्हीही आतच ठेवा, तिथेही हाच शोध लागतो.

तपासणी अर्धवट सोडणं

आतल्या वायफायवरून लॅपटॉपमध्ये हे चालवा:

```
ping 192.168.1.50
```

उत्तर आलं तर जाण्याची वाट ठीक आहे. आता उलट बाजू: लॅपटॉप डब्याच्या वायफायवर घ्या आणि ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आतला पत्ता उघडून पाहा, मग 192.168.1.2. दोन्ही उघडता कामा नयेत. दुसरा उघडला, तर आतल्या राऊटरचं रिमोट मॅनेजमेंट चालू आहे, बंद करा. आतल्या विंडोज संगणकाला पिंग करून निष्कर्ष काढू नका. त्याची स्वतःची फायरवॉलही पिंग अडवू शकते, आणि राऊटरने अडवलं असा गैरसमज होतो.

एक मर्यादा लक्षात असू द्या. आपली इंटरनेटची ये-जा कॅमेऱ्यांच्याच नेटवर्कमधून होते. एखादा कॅमेरा कोणी ताब्यात घेतला तर त्या वाहतुकीत ढवळाढवळ करण्याचा प्रयत्न होऊ शकतो, म्हणून ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला की पुढे जाऊ नका. हेही नको असेल, तर व्हीएलॅन, म्हणजे एकाच राऊटरवर वेगवेगळी नेटवर्क करता येणारा एकच राऊटर घ्यावा लागतो.