मेडिकलच्या विद्यार्थ्याला रिसर्च फेलोशिपसाठी शिफारसपत्र कसं लिहायचं

विद्यार्थी पत्र मागायला आला की सीव्ही, फेलोशिपची जाहिरात आणि शेवटची तारीख घ्या आणि त्याच्या प्रोजेक्टची फाईल कपाटातून बाहेर काढा. "सर, ड्राफ्ट मीच लिहून आणतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. त्याने फक्त एक कागद आणायचा: कुठलं काम एकट्याने केलं, कुठलं दुसऱ्यांबरोबर. तो कागद फाईलशी ताडून बघा.

पहिला परिच्छेद सोपा आहे. तुम्ही कोण, विद्यार्थ्याला कधीपासून ओळखता, कुठल्या नात्याने. आयसीएमआरच्या दोन महिन्यांच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचे तुम्ही गाइड असाल तर तसं स्पष्ट लिहा, नुसतं लेक्चरला बघितलं असेल तर तेही लिहा.

खरं काम दुसऱ्या परिच्छेदात आहे, मलाही सुरुवातीला इथेच तासन्‌तास अडायला व्हायचं. बहुतेक पत्रात इथे हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल, गुड कम्युनिकेशन स्किल्स अशी रांग असते आणि "रिसर्चची आवड आहे" हे वाक्य तर ठरलेलंच. हे शब्द कुठल्याही विद्यार्थ्याला लागू पडतात, त्यामुळे समितीला यातून काहीच कळत नाही, आणि खरोखर चांगल्या मुलाचं यात फार नुकसान होतं. "डेटा कलेक्शन आणि ॲनालिसिस केलं" हेही पुरेसं नाही. एकच प्रसंग घ्या आणि चार गोष्टी सांगा: अडचण काय होती, ती कोणाच्या लक्षात आली, त्याने काय केलं, डेटात काय बदललं.

उदाहरण घेऊ. एक विद्यार्थिनी आरोग्य केंद्राच्या गावांमधे ब्लड प्रेशरचा सर्व्हे करत होती, मोजणारे तिघेजण, यंत्र डायलवालं. डायलवर दर २ मिमीला रेघ असते, म्हणजे आकड्याच्या शेवटी ०, २, ४, ६, ८ साधारण सारख्या वेळा यायला हवेत, प्रत्येकी पाचवा हिस्सा. पहिल्या १२० सिस्टोलिक रीडिंगमधे शून्य २४ च्या आसपास हवं होतं, आलं ७८ वेळा. एक्सेलमधे शेवटचा अंक वेगळा काढून हे तिने स्वतः शोधलं, कोणी सांगितलं नव्हतं. यात धोका असा की १३८ ला कोणी १४० लिहिलं की तो माणूस उगाच हायपरटेन्शनमधे मोजला जातो, म्हणजे गावातलं प्रमाणच फुगतं. तिने तिघांना परत बसवून शिकवलं, कफची हवा सेकंदाला २ मिमीच्या वेगाने सोडायची, जवळच्या रेघेवरचा आकडा लिहायचा, गोल करायचा नाही. पुढच्या १२० मधे शून्य ३१ वर आलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की जुनी रीडिंग तिने पुसली नाहीत की "दुरुस्त" केली नाहीत, शीटमधे वेगळी खूण केली आणि रिपोर्टच्या मर्यादांमधे हे लिहून टाकलं.

आता पत्रात हे पाच-सहा वाक्यात बसवायचं, साधारण असं: "रीडिंगच्या शेवटच्या अंकात शून्य जास्त येतंय हे तिने स्वतःहून तपासून मला दाखवलं, मोजणाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण दिलं, आणि आधीचा डेटा न बदलता रिपोर्टमधे नोंदवला." मग एक वाक्य की यावरून मोजमापातली चूक ओळखणं आणि डेटाशी प्रामाणिक राहणं ही दोन कौशल्यं मी प्रत्यक्ष बघितली. बस, दोनच. सहा कौशल्यं लिहिली की एकाही गोष्टीवर विश्वास बसत नाही.

कोणाचं काम किती हे इथे नीट वेगळं करा. प्रश्नावली डिपार्टमेंटची होती, सॅम्पल साइज स्टॅटिस्टिशियनने काढला, तर तसंच लिहा. तिला काय येत नाही तेही एका ओळीत यावं, उदाहरणार्थ काय-स्क्वेअर स्वतः करते पण लॉजिस्टिक रिग्रेशनला मदत लागली. काही सहकारी म्हणतात यामुळे पत्र कमकुवत होतं, मला हे अजिबात पटत नाही. फेलोशिप शिकण्यासाठीच असते, आणि ती ओळ असल्यामुळे आधीचं कौतुक खरं वाटतं.

तुलना करायची तर कोणाशी ते सांगा: "गेल्या काही वर्षांत मी गाइड केलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांमधे". "आजवरची सर्वोत्तम" हे दरवर्षी दोघांना लिहू नका, त्याच समितीकडे दोन्ही पत्रं जाऊ शकतात.

पत्र एक पान, फार तर दीड. लेटरहेड, सही, पीडीएफ, आणि लिंक तुमच्या संस्थेच्या ईमेलवर आली असेल तर अपलोड तुम्हीच करा, विद्यार्थ्याला पासवर्ड देऊन नाही. प्रसंग आठवतच नसेल तर पत्र लिहायला नकार द्या, आणि ज्याने त्याचं काम जवळून बघितलंय त्या असिस्टंट प्रोफेसरकडे त्याच दिवशी पाठवा, म्हणजे त्यांना लिहायला वेळ मिळेल.