टोकन देताना: कर्जाची ओळ आधी लिहून घ्या

जुना फ्लॅट घेताना टोकन आणि इसार देण्याआधी काय बघायचं ते लिहितोय, कारण मागच्या वेळी माझे दीड लाख गेले. ७२ लाखांचा सौदा होता. टोकन ५१ हजार, आठवड्याने इसारपावती करताना आणखी ९९ हजार. पावतीत एक ओळ होती: 'खरेदीदाराने माघार घेतल्यास इसार जप्त होईल.' कर्ज मिळालं नाही तर काय, याबद्दल एक शब्दही नव्हता. माझ्या गाडीचा हप्ता चालू होता, म्हणून बँकेने ५८ लाखांऐवजी ४४ लाखच मंजूर केले. वरचे १४ लाख मला उभे करता आले नाहीत. मालकाच्या दृष्टीने ती माझीच माघार होती, आणि कायद्यानेही तसंच धरलं जातं.

म्हणून पैसे पाठवण्याआधी पावतीत लिहून घ्या: अमुक रकमेचं कर्ज अमुक तारखेपर्यंत मंजूर झालं नाही तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. रकमेचा आकडा हवाच, नाहीतर '४४ लाख मिळालेच की' असं ऐकावं लागतं. एजंट म्हणेल, 'साहेब, तोंडी ठरलंय ना!' ऐकू नका. माझंही तोंडीच ठरलं होतं.

कर्ज मालकाच्या कागदांमुळे अडलं, तर गोष्ट वेगळी. आधीचं खरेदीखत गहाळ, वारसाची सही नाही, लपवलेला बोजा, अशा वेळी मालकच निर्वेध हक्क देऊ शकत नाही. तुमचं नाकारणं रास्त ठरतं आणि इसार परत मागता येतो. त्यासाठी बँकेकडून नकाराचं कारण लेखी घ्या. तुमचं उत्पन्न की त्यांचे कागद, हे त्यावरच ठरतं. मालकाने स्वतःच माघार घेतली, तर पैसे परत करायलाच हवेत.

शब्दही बघा. 'इसार' म्हणजे सौदा पाळण्याची हमी, ती जप्त होऊ शकते. 'किमतीपोटी आगाऊ' दिलेली रक्कम साधारणपणे तशी गिळता येत नाही. मोठी रक्कम द्यायची वेळ आली तर इसार किती आणि आगाऊ किती, हे वेगळं लिहा. करार कायद्याच्या कलम ७४ मुळे भरमसाट जप्तीला कोर्टात आव्हान देता येतं, पण दीड लाखासाठी वर्षानुवर्षं कोण लढणार? मी नाही लढलो.

नवीन फ्लॅट असेल तर नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. रोख देऊ नका. टोकनच्या यूपीआयच्या शेऱ्यात फ्लॅट नंबर टाका. सर्व मालकांच्या सह्या घ्या, साक्षीदारही. आणि कर्जाची ओळ. सही करण्याआधी ती पावतीत आहे ना, पुन्हा वाचून बघा.